बाल्टिमोरची 8020 क्रमांकाची पेटी

भ्रूणविज्ञानाच्या पुस्तकात सातव्या दिवसाच्या गर्भाचे चित्र पाहिले की एक प्रश्न मला वर्षानुवर्षे छळतो: हे पाहिले कोणी? त्या दिवशी गर्भ आहे हे बाईलाही ठाऊक नसते.

उत्तर बोस्टनजवळच्या ब्रुकलाइनमधील ‘फ्री हॉस्पिटल फॉर विमेन’मध्ये आहे. 1938 पासून सुमारे पंधरा वर्षे जॉन रॉक आणि आर्थर हर्टिग यांनी, ज्यांचे गर्भाशय काढायचेच होते अशा दोनशेहून अधिक स्त्रियांना पाळीच्या आणि शरीरसंबंधाच्या तारखा लिहून ठेवायला सांगितल्या. शस्त्रक्रिया बीजोत्सर्गानंतरच्या दिवसांत बसेल अशी ठरवली जाई. काढलेले गर्भाशय उघडून त्याचे अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने तपासत. गर्भ मिळाले 34, सर्वांत मोठा सतरा दिवसांचा.

त्यांतला 8020 हा तेव्हा बाल्टिमोरमध्ये असलेल्या कार्नेगी संग्रहातील क्रमांक. वय साधारण सात-साडेसात दिवस. तो अस्तरात अर्धाच रुतलेला आहे. जिथे अस्तराला टेकला आहे तिथे बाहेरच्या पेशी एकमेकींत मिसळून जाड थर झाला आहे, उघड्या बाजूला मात्र तो अगदी पातळ. आत पेशींच्या दोन थरांची चकती तयार होते आहे. तिच्या वरच्या अंगाला उल्बाची पोकळी नुसती फट आहे. नवव्या दिवसाच्या नमुन्यात जाड थरात पोकळ्या पडलेल्या दिसतात आणि चकतीखालच्या पोकळीला पातळ पडदा येतो. त्याला हॉइझरचे नाव मिळाले. चेस्टर हॉइझर हा कार्नेगी संस्थेतलाच भ्रूणविज्ञानी.

बाराव्या दिवशी गर्भ पूर्ण आत गेलेला असतो आणि त्या पोकळ्यांत आईचे रक्त शिरलेले असते. पुढच्या वारेची ही सुरुवात. या सुमारास थोडे रक्त बाहेरही येऊ शकते. ते पाळी समजले, तर गर्भाचे वय जवळजवळ चार आठवडे कमी धरले जाते.

पुस्तकांनी त्या 34 मधले नीटस गर्भच उचलले. मला उरलेले महत्त्वाचे वाटतात. 34 पैकी दहा सदोष होते: न रुजलेल्या आठांपैकी चार, रुजलेल्या सव्वीसांपैकी सहा. काहींत बाहेरचा थर अस्तरात शिरला होता, पण आत चकतीच नव्हती. अशा बाईला पुढे दिवस गेल्यासारखे वाटले असते, पाळी लांबली असती आणि मग रक्त गेले असते. कारण कळायला मार्ग नव्हता. या स्त्रिया आधी मुले झालेल्या आणि शस्त्रक्रियेची गरज असलेल्या होत्या, म्हणून हे प्रमाण सर्वांना लावता येत नाही. पण लवकर होणाऱ्या गर्भपातांत बाईच्या वागण्याला दोष देणाऱ्यांनी हे दहा नमुने एकदा पाहावेत. चकती नव्हती ती बाईने जिना चढल्यामुळे किंवा ओझे उचलल्यामुळे नव्हे.