आजींचा चेहरा कुठल्या फ्रेममधून घ्यायचा?

लग्नाच्या ग्रुप फोटोत सगळे छान आलेले असतात आणि नेमके आजींचे डोळे मिटलेले. पापणी मिटून उघडायला साधारण सेकंदाचा एक ते चार दशांश भाग लागतो. कॅमेरा सेकंदाला 10 फोटो काढत असेल, तर त्यातल्या एक ते चार फ्रेम तेवढ्यातच वाया जातात. म्हणून फोटोग्राफर बर्स्ट मारतो आणि नंतर दुसऱ्या फ्रेममधला आजींचा चेहरा मूळ फोटोवर बसवतो. पिक्सेल 8 फोनमध्ये 2023 पासून ‘बेस्ट टेक’ नावाची सोयच आली आहे. तरीही कुठला चेहरा घ्यायचा, हे माणसानेच नीट पाहून ठरवावं.

आधी मूळ फोटो पक्का करायचा. ज्यात जास्तीत जास्त माणसं चांगली आली आहेत, तो. समजा 12 फ्रेमच्या बर्स्टमधली सहावी निवडली. आता फक्त आजींसाठी बाकीच्या फ्रेम चाळायच्या. दुसरीत डोळे उघडे आहेत, पण त्या बोलत असल्याने ओठांचा चंबू झालाय. पाचवी लहान आकारात उत्तम दिसते. 100 टक्के मोठी केली की पापण्या अर्ध्यावर आलेल्या कळतात. नववीत त्या मनमोकळ्या हसल्या आहेत, आणि हात हिच्याकडेच वळतो. पण हसताना त्यांनी नातवाकडे मान वळवली आहे. नाकाचा शेंडा एका गालाकडे सरकलाय, एक कान दिसेनासा झालाय. हा चेहरा सहाव्या फ्रेममधल्या खांद्यांवर बसणार नाही. सातवीत हसू जरा कमी आहे, मात्र मान तशीच, नजर कॅमेऱ्याकडे, नाकाची सावलीही त्याच बाजूला. सातवीच घ्यायची.

खात्री करायला सातवीचा लेयर सहावीवर ठेवून 50 टक्के पारदर्शक करावा. कान, हनुवटी आणि केसांची रेघ एकमेकींवर आली, तर काम सोपं. फ्लॅश वापरला असेल तर उजेडही तपासावा, कारण बर्स्टमध्ये तो प्रत्येक वेळी पूर्ण ताकदीने पेटतोच असं नाही.

नववीतले ओठ आणि सातवीतले डोळे अशी जोडणी मात्र करू नये. फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी 1862 मध्येच दाखवलं होतं की खऱ्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा स्नायूही आवळतो. गाल वर चढतात, खालची पापणी किंचित उचलली जाते. हसरे ओठ शांत डोळ्यांखाली लावले की आजी ओळखीच्या वाटत नाहीत.

बर्स्ट नसेल तर व्हिडिओ चालतो, पण नाइलाज म्हणूनच. 24 मेगापिक्सेलचा फोटो सुमारे 6000 पिक्सेल रुंद असतो, फोर-के व्हिडिओची फ्रेम 3840. तेवढ्याच चौकटीत फोटोत 300 पिक्सेलचा असलेला चेहरा व्हिडिओत जेमतेम 190 भरतो, आणि मोठा केला की त्वचा मेणासारखी गुळगुळीत दिसते. शिवाय व्हिडिओचा शटर बहुधा सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास असतो, त्यामुळे हलती मान पुसट येते. मान स्थिर झाल्यानंतरचीच फ्रेम घ्यावी.

अल्बम छापून हाती येईपर्यंत बर्स्टमधल्या नकोशा वाटणाऱ्या फ्रेम डिलीट करू नका.