उत्पन्न वाढलं, मग नोकऱ्या कमी कशा?

अमेरिकेच्या कामगार आकडेवारी विभागातल्या जेम्स लाँगली यांनी १९६७ साली एक छोटी आकडेवारी प्रसिद्ध केली. १९४७ ते १९६२ ही सोळा वर्षं आणि दरवर्षी रोजगारात असलेल्यांची संख्या. ती सहा गोष्टींवरून सांगायची होती: किंमत निर्देशांक, एकूण राष्ट्रीय उत्पन्न, बेरोजगार, सैन्यदल, लोकसंख्या आणि वर्ष. त्यांना तपासायची होती संगणकाची अचूकता. पण हा तक्ता आज गाजतो तो वेगळ्याच कारणासाठी.

फक्त राष्ट्रीय उत्पन्न घेऊन रिग्रेशन केलं, तर दर एक अब्ज डॉलरमागे सुमारे ३४ हजार ७५० रोजगार वाढतात. सहाही गोष्टी घातल्या की त्याच उत्पन्नाचा गुणांक उलटतो आणि सुमारे ३५ हजार ८०० रोजगार कमी होतात! गणितात चूक नाही. रोजगारातले ९९ टक्क्यांहून जास्त चढउतार या सूत्रात बसतातही.

गुणांकाचा अर्थ असतो, ‘बाकीचं सगळं तेवढंच राहिलं तर’. पण या सोळा वर्षांत उत्पन्न, लोकसंख्या, किमती आणि वर्ष जवळपास हातात हात घालून वर गेले. लोकसंख्या आणि वर्ष तेच, उत्पन्न मात्र बरंच वेगळं, अशी नोंद तक्त्यात नाहीच. मग श्रेयाची वाटणी फार थोड्या माहितीवर होते. इथे ‘वर्षा’ने दरसाल १८ लाखांहून जास्त रोजगार आपल्या नावावर घेतले. प्रत्यक्षात सरासरी वाढ होती सात लाखांच्या आत. हा जादा हिशेब कुठेतरी वजा व्हायलाच हवा. त्याचा एक वाटा उत्पन्नावर आला. यालाच मल्टिकोलिनिॲरिटी म्हणतात.

ती मोजण्यासाठी रोजगार क्षणभर बाजूला ठेवायचा आणि उत्पन्नाचंच रिग्रेशन उरलेल्या पाच गोष्टींवर करायचं. त्यातून आलेला R² या सूत्रात घालायचा:

```
VIF = 1 / (1 - R²)
```

पाच गोष्टींवरून उत्पन्न अजिबात सांगता येत नसेल तर उत्तर १ येतं. दहाच्या वर गेलं की सावध व्हायचं, हा निव्वळ प्रघात. इथे उत्पन्नाचा VIF सुमारे १७८९ येतो. त्याचं वर्गमूळ ४२. म्हणजे हे नातं नसतं तर असती त्याच्या ४२ पट या गुणांकाची प्रमाण त्रुटी झाली आहे. म्हणून ९५ टक्के विश्वासाची मर्यादा एक लाखाहून जास्त घट ते सुमारे ४० हजार वाढ एवढी पसरते. त्यातलं उणे चिन्ह वाचून धोरण ठरवणं धाडसाचंच.

सगळंच निकामी होतं असं मात्र नाही. सैन्यदलाचा VIF फक्त ३.६ आहे. हजार सैनिक वाढले की रोजगारातले साधारण हजार लोक कमी, हा त्याचा गुणांक तुलनेनं नेमका आहे. ‘वर्ष’ काढून टाकलं तर बाकीचे VIF कमी होतील, पण उत्पन्नाचा तरीही दहाच्या खूप वर राहील. पण मग उत्पन्नाच्या गुणांकात काळाबरोबर वाढलेलं इतर बरंच काही मिसळलेलं असेल, आणि VIF ते सांगणार नाही.