शेवटचा हप्ता फिटला, आता मूळ कागद परत घ्या

गृहकर्ज फिटले की बँकेकडून ‘नो ड्यूज’ दाखला मिळतो आणि बरेच जण तिथेच थांबतात. पण घराचा मूळ करारनामा, नोंदणीची पावती आणि आधीच्या मालकांचे करार बँकेच्या ताब्यातच असतात. म्हणून शाखेत लेखी अर्ज द्या, कर्ज खाते क्रमांक आणि पूर्ण फेडीची तारीख लिहा, गहाण ठेवताना मिळालेली कागदपत्रांची यादी जोडा आणि प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, १ डिसेंबर २०२३ पासून, बँकेने ३० दिवसांत कागद परत करून नोंदवलेला बोजाही उतरवायचा असतो. बँकेमुळे उशीर झाला, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. समजा, कर्ज ३ जूनला फिटले आणि कागद २० जुलैला मिळाले. मुदत ३ जुलैला संपली, म्हणजे १७ दिवसांचे ८५,००० रुपये. कागद हरवले असतील, तर प्रमाणित प्रतींचा खर्च बँकेचा. मात्र त्यासाठी तिला आणखी ३० दिवस मिळतात.

ताबा घेताना घाई करू नका. यादीतला एकेक कागद, त्याची पाने तपासा, मगच सही करा.