पडद्यावर ५०२, खात्यातून पैसे गेलेले

रात्रीचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. प्रवेशअर्जाची मुदत बाराला संपणार होती, आणि भाचीचा फोन आला. "मामा, फी भरली, बँकेचा मेसेजही आला. पण पडद्यावर नुसतं `502 Bad Gateway` असं आलंय. रिफ्रेश करू?"

"अजिबात नको," मी म्हणालो. "ते पान आहे तसं राहू दे. आधी त्याचा स्क्रीनशॉट घे."

सर्व्हर सांभाळण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्या एका दिवसात तिला चार वेगवेगळे आकडे भेटले, आणि प्रत्येक वेळी तिने एकच उपाय केला होता: पान पुन्हा पुन्हा लोड करणं. चारपैकी दोन ठिकाणी तो उपाय निरुपयोगी होता, तिसऱ्या ठिकाणी थोडा धीर हवा होता आणि चौथ्या ठिकाणी तो महागात पडला असता. म्हणून तो दिवस सकाळपासून सांगतो.

त्याआधी एक गोष्ट. असा तीन अंकी आकडा दिसला, तर तुमचं इंटरनेट चालू आहे आणि पलीकडे कुणीतरी तुमची मागणी ऐकून उत्तर दिलं आहे, एवढं नक्की. मागणी पोचलीच नाही, तर ब्राउझर स्वतःचा निरोप दाखवतो. `ERR_INTERNET_DISCONNECTED` म्हणजे तुमचीच जोडणी तुटलेली. `DNS_PROBE_FINISHED_NXDOMAIN` म्हणजे त्या नावाचं संकेतस्थळ सापडलं नाही, बहुधा नाव टंकताना चूक झाली. तीन अंकी आकडा मात्र पलीकडून येतो आणि त्यातला पहिला अंक सर्वांत महत्त्वाचा. तो ४ असेल, तर सर्व्हरच्या मते अडचण तुमच्या मागणीत आहे. ५ असेल, तर मागणीत खोट नाही, ती पुरी करणं त्यालाच जमलेलं नाही. हे चारही आकडे वेबच्या १९९६च्या नियमपत्रात होते आणि त्यांचे अर्थ आजही तेच आहेत.

सकाळी भाचीला माहितीपत्रक हवं होतं. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी दुवा पाठवला होता. दाबल्यावर `404 Not Found` आलं. तिने पाच-सहा वेळा रिफ्रेश केलं आणि "त्यांची साइट बंद आहे" असं ठरवून टाकलं. पण ४०४चा अर्थ जवळजवळ उलटा आहे. साइट चालू आहे, तिने शोधलं, आणि या पत्त्यावर तिला काही मिळालं नाही. तोच पत्ता शंभरदा विचारलात तरी उत्तर बदलायचं नाही. बदलायचा असतो तो पत्ता. तिच्याकडे आलेला पत्ता असा होता (संस्थेच्या नावाऐवजी इथे नमुन्याचं नाव घातलं आहे):

```
https://example.org/pravesh/mahitipatrak.pdf)
```

शेवटचा कंस पाहा. पाठवणाऱ्याने दुवा कंसात लिहिला होता आणि बंद होणारा कंस पत्त्याला चिकटला. सर्व्हरने त्या कंसासकट असलेली फाइल शोधली, आणि अशी फाइल नव्हतीच. पूर्णविराम, स्वल्पविराम, अर्धवट तुटलेली ओळ यांनीही हेच होतं. लहान-मोठ्या लिपीचाही घोळ असतो. `example.org` हा भाग कसाही लिहिला तरी चालतो, पण त्यापुढच्या भागात अनेक सर्व्हर `Pravesh` आणि `pravesh` वेगळे मानतात. पत्ता नीट असूनही ४०४ आलं, तर फाइल हलवलेली किंवा काढलेली असते. मग मुखपृष्ठावरून पुन्हा वाट काढावी. जुनं पान असेल तर `web.archive.org` वर तो पत्ता टाकून बघावा, तिथे कधीकधी त्याची जपलेली प्रत मिळते.

कंस काही तिच्या लक्षात आला नाही. तिने फाइलचं नावच खोडलं, फक्त `example.org/pravesh/` ठेवलं, आणि `403 Forbidden` आलं. आता ती घाबरली. आपण काही गैर केलं, कुठेतरी नोंद झाली, अर्ज बाद होईल, असं सगळं तिच्या मनात आलं. तसं काहीच नव्हतं. तो पत्ता म्हणजे फाइलींचा कप्पा होता, आणि कप्प्यातली यादी कुणालाही दाखवायची नाही अशी सर्वसाधारण सोय सर्व्हरवर केलेली असते. ४०३ म्हणजे "तुमचं म्हणणं कळलं, पण हे देणार नाही." या नकारात आरोप नसतो.

हा नकार कधी वस्तूमुळे असतो, जसा इथे होता, आणि कधी मागणारा कुठून आला यावरून. दुसरा प्रकार ओळखायला सोपा आहे. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तेच पान उघडा. उघडलं, तर अडचण त्या जोडणीच्या पत्त्याची होती. व्हीपीएन चालू असेल तर तो बंद करून बघा. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांना आपल्याकडची काही संकेतस्थळं उघडताना हाच अनुभव येतो: गावाकडच्या भावाच्या फोनवर पान उघडतं आणि इथे मात्र नकार. काही संकेतस्थळं देशाबाहेरच्या जोडण्या सरसकट अडवतात. तिथे पासवर्ड बदलून उपयोग नसतो. गावाकडच्या माणसाला सांगणं किंवा संस्थेला कळवणं, एवढंच हाती राहतं. लॉगिन करून बराच वेळ पान तसंच ठेवलं असेल, तर मुदत संपूनही ४०३ येऊ शकतं. बाहेर पडून पुन्हा लॉगिन केलं की ते जातं.

रात्री नऊच्या सुमारास अर्ज भरायला बसली तेव्हा `503 Service Temporarily Unavailable` आलं. शेवटचा दिवस, सगळेच त्याच वेळी बसलेले. ५०३ म्हणजे सर्व्हर शुद्धीवर आहे आणि स्वतःच सांगतो आहे की आत्ता तुमचं काम हाती घेता येत नाही. गर्दी तरी असते, नाहीतर दुरुस्ती तरी. इथे थांबणं हाच उपाय, आणि दर दोन सेकंदांनी रिफ्रेश करणारे हजारो हात ती गर्दी आणखी वाढवतात. पाच-दहा मिनिटांनी एकदा प्रयत्न करावा. तिला साडेदहाला आत जाता आलं.

आता तो ५०२. बँकेत खिडकीवरचा कारकून आपला कागद घेऊन आतल्या खोलीत जातो, तसं मोठ्या संकेतस्थळाचं काम चालतं. तुमच्या ब्राउझरशी बोलतो तो पुढचा सर्व्हर. पानाच्या तळाशी `nginx` असं लिहिलेलं दिसतं, ते बऱ्याचदा त्याचंच नाव असतं. खरं काम, म्हणजे अर्ज नोंदवणं, फीचा हिशेब, हे आतला प्रोग्रॅम करतो. पुढच्याला आतून धड उत्तर मिळालं नाही की तो ५०२ दाखवतो. आतून उत्तरच वेळेत आलं नाही, तर ५०४.

म्हणजे ५०२ दाखवणाऱ्या सर्व्हरला आत काय झालं हे माहीत नसतं. तुमचा अर्ज टेबलावर पोचलाच नाही, की नोंदवून झाल्यावर परत येताना कारकुनाच्या हातातून पावती पडली, हे त्या पानावरून ठरवता येत नाही. ५०२ म्हणजे "काम झालं नाही" असं धरून चालणं ही मी पाहिलेली सर्वांत नुकसानकारक चूक आहे. थोडा अंदाज वेळेवरून बांधता येतो. बटण दाबताक्षणी ५०२ आलं, तर आतला प्रोग्रॅम बहुधा बंदच होता आणि मागणी त्याच्यापर्यंत गेली नसावी. पान बराच वेळ फिरत राहून मग आकडा आला, तर आत काहीतरी चालू होतं. `nginx` मुळात ६० सेकंद वाट पाहतो, म्हणून मिनिटभराने येणारं ५०४ विशेष जपून वाचावं.

आणि म्हणूनच रिफ्रेश नको. नुसतं वाचायचं पान असेल तर खुशाल करावं. पण फॉर्म पाठवल्यावर आलेल्या पानावर रिफ्रेश म्हणजे तोच फॉर्म पुन्हा पाठवणं. ब्राउझर तसं विचारतोही, पण घाईत आपण हो म्हणून जातो, आणि मग एकाच नावाचे दोन अर्ज किंवा दोनदा कापलेली फी निस्तरत बसावं लागतं.

भाचीला विचारलं, किती वेळ फिरत होतं? "बराच वेळ." म्हणजे आशेला जागा होती. स्क्रीनशॉट झाला, त्यात वेळ आणि वरचा पत्ता दिसत होता. फी यूपीआयने भरली होती, तेव्हा तो बारा अंकी संदर्भ क्रमांक तिने वहीत उतरवून घेतला. पान संकेतस्थळाच्या नावाखाली तुटलं असेल, तर तक्रारीत हीच माहिती विचारली जाते. त्या पानावर `Ray ID` असा लांबलचक क्रमांक असेल तर तोही ठेवावा, त्यावरून त्यांना तुमची नेमकी मागणी शोधता येते.

मग नवा टॅब उघडून, मुखपृष्ठावरून लॉगिन करून, अर्जाची स्थिती बघायला सांगितली. तिथे होतं, "शुल्क बाकी." अकरा वीस.

"भरू का परत?"

"दहा मिनिटं थांब."

थांबण्याला कारण होतं. फी भरल्याची खबर संस्थेला फक्त तुमच्या ब्राउझरमार्गे जात नाही. पैसे घेणारी यंत्रणा संस्थेच्या सर्व्हरला परस्परही कळवते आणि तो निरोप मागाहून पोचू शकतो. काही ठिकाणी "व्यवहार तपासा" असं बटणही असतं, ते दाबावं. पावणेबारापर्यंत काही हाललं नसतं, तर मी तिला पुन्हा फी भरायला सांगितलं असतं. मुदत गेली की वर्ष जातं. पैसे मात्र परत मिळवता येतात. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने दुकानदाराला किंवा संस्थेला दिलेले पैसे खात्यातून गेले पण तिकडे पोचल्याची खात्री झाली नाही, तर ते व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे दररोज १०० रुपये भरपाई. पण संस्थेने दोन्ही फी स्वीकारल्या, तर हा नियम लागू नाही, तेव्हा परतावा संस्थेकडेच मागावा लागतो. थांबता येईल तेवढं थांबायचं ते यासाठी.

अकरा बत्तीसला तिने स्थितीचं पान पुन्हा उघडलं. "शुल्क प्राप्त" दिसत होतं. पावती उतरवून घेतली आणि मला फोटो पाठवला. पावतीवरची वेळ होती ११:०८. ५०२च्या स्क्रीनशॉटवर ११:११. ती मला फोनवर विचारत होती तेव्हाच फी भरल्याला दोन मिनिटं होऊन गेली होती.