तेंगो, आगो, साल्गो: स्पॅनिशमधला वाकडा ‘मी’

स्पॅनिशमधले प्रत्येक क्रियापद मूळ रूपात आर, एर किंवा ईर यांपैकी एका प्रत्ययाने संपते. वर्तमानकाळात ‘मी’चे रूप करताना हा शेपटाचा भाग काढायचा आणि त्या जागी ओ लावायचा, एवढाच नियम. आब्लार म्हणजे बोलणे, त्याचे आब्लो. कोमेर म्हणजे खाणे, त्याचे कोमो. बिबीर म्हणजे राहणे, त्याचे बिबो. बोलणारा पुरुष असो वा स्त्री, रूप तेच राहते. मराठीतल्या करतो-करतेसारखी विभागणी इथे नाही. ‘मी’साठी यो हे सर्वनाम आहे, पण रूपातूनच कर्ता कळत असल्यामुळे ते बहुधा गाळले जाते.

या नियमाने तेनेर (जवळ असणे) याचे तेनो, आसेर (करणे) याचे आसो आणि सालीर (बाहेर पडणे) याचे सालो व्हायला हवे. प्रत्यक्षात होते तेंगो, आगो आणि साल्गो. शिकणारा गोंधळतो, कारण ही क्रियापदे पहिल्याच आठवड्यात लागतात. भूक लागली हे सांगायलाही स्पॅनिशमध्ये तेनेरच वापरावे लागते. ‘तेंगो आम्ब्रे’ म्हणजे शब्दशः ‘माझ्याजवळ भूक आहे’.

रोजच्या वापरातली अशी ‘गो’वाली मूळ क्रियापदे जेमतेम दहा आहेत, आणि त्यांत गो कसा येतो याच्या तीनच तऱ्हा आहेत. पहिली तऱ्हा न आणि ल या व्यंजनांची. धातू यांपैकी एकावर संपत असेल, तर ओच्या आधी ग घुसतो. तेनेरचे तेंगो, बेनीर (येणे) याचे बेंगो, पोनेर (ठेवणे) याचे पोंगो, सालीरचे साल्गो, बालेर (किंमत असणे) याचे बाल्गो. दुसऱ्या तऱ्हेत धातू स्वरावर संपतो आणि मध्ये इगो येतो: काएर (पडणे) याचे काइगो, त्राएर (आणणे) याचे त्राइगो, ओईर (ऐकणे) याचे ओइगो. तिसऱ्या तऱ्हेत काहीच घुसत नाही; धातूतल्या स च्या जागी ग येतो. आसेरचे आगो आणि देसीर (सांगणे) याचे दीगो.

यांतले दीगो खरे तर वाकडे नाहीच. लॅटिनमध्ये ‘मी सांगतो’ला दीको आणि ‘तू सांगतोस’ला दीकिस असे होते. पुढे दोन स्वरांमधल्या क चा ओच्या आधी ग झाला, इच्या आधी मात्र तो बदलत बदलत स झाला. म्हणून आज दीगो आणि दीसेस अशी जोडी दिसते. दोन्हींच्या पोटात एकच क आहे. तेंगोची गोष्ट वेगळी. लॅटिनमध्ये त्या रूपात ग नव्हता. तो इतर क्रियापदांच्या अनुकरणाने आला. ही लागण पसरतच गेली. जुन्या स्पॅनिशमध्ये लोक ओयो, कायो, त्रायो म्हणत. त्यांची ओइगो, काइगो, त्राइगो नंतर झाली. काही भागांतल्या बोलीत आजही आया या रूपाऐवजी आइगा ऐकू येते आणि शिकलेले लोक त्यावर नाक मुरडतात. ज्या वाटेने काइगो प्रमाणभाषेत शिरले, तीच वाट आइगाने धरली होती, हे मात्र ते विसरतात.

गो फक्त ‘मी’पुरता असतो, हेही पक्के ठसवावे लागते. सालीरची रूपे साल्गो, सालेस, साले, सालिमोस, सालीस, सालेन अशी चालतात; पहिले सोडले तर सगळी सरळ. तेनेर, बेनीर, देसीर आणि ओईर यांना दुहेरी वळण आहे. तेनेरमध्ये तू, तो आणि ते यांच्या रूपांत ए चा इए होतो: तिएनेस, तिएने, तिएनेन. तेंगोत मात्र तो होत नाही. नवशिक्यांची ठरलेली चूक इथेच होते: दोन्ही बदल एकत्र करून ते ‘तिएंगो’ म्हणतात. त्यामुळे एकटे तेंगो पाठ करण्यापेक्षा तेंगो-तिएनेस, बेंगो-बिएनेस, दीगो-दीसेस, ओइगो-ओयेस अशा जोड्या तोंडात बसवणे जास्त फायद्याचे. एका दमात म्हटलेली जोडी बदल कुठे होतो आणि कुठे थांबतो, हे दोन्ही दाखवते.

तीन तऱ्हा पाठ झाल्या म्हणून प्रत्येक क्रियापदाला त्या लावत सुटू नये. उनीर (जोडणे) न वर संपते, तरी त्याचे साधे उनो होते. लेएर (वाचणे) स्वरावर संपते, तरी लेओ. स वर संपणाऱ्यांची तर वेगळीच मोठी फौज आहे. कोनोसेर (ओळखणे) याचे कोनोस्को, पारेसेर (वाटणे, दिसणे) याचे पारेस्को, त्रादुसीर (भाषांतर करणे) याचे त्रादुस्को. सेर-सीरच्या आधी स्वर असला की बहुतेक वेळा स्को हेच खरे. आसेर आणि देसीर हे ठळक अपवाद. आधी व्यंजन असेल तर हाही बदल नाही: बेन्सेर (जिंकणे) याचे बेन्सो. इथे उच्चार लॅटिन अमेरिकेतले दिले आहेत. स्पेनच्या बऱ्याच भागांत या स च्या जागी थ ऐकू येतो.

दहा क्रियापदांचे श्रम पुढे दोन ठिकाणी वसूल होतात. एक म्हणजे उपसर्ग लागून झालेले त्यांचे गोतावळे. पोनेरपासून प्रोपोनेर (सुचवणे) आणि सुपोनेर (समजणे, गृहीत धरणे) होतात, म्हणून प्रोपोंगो आणि सुपोंगो. तेनेरपासून मान्तेनेर (सांभाळणे, टिकवणे) याचे मान्तेंगो, त्राएरपासून आत्राएर (आकर्षित करणे) याचे आत्राइगो. नवा शब्द आला की त्याच्या पोटातले ओळखीचे क्रियापद शोधायचे. रूप आपोआप सापडते.

दुसरी वसुली मोठी. इच्छा, शंका, विनंती सांगताना स्पॅनिशमध्ये सबजंक्टिव्ह नावाची रूपे लागतात, आणि ती ‘मी’च्या रूपावरून तयार होतात. ओ काढून आ लावायचा: तेंगोचे तेंगा, आगोचे आगा, साल्गोचे साल्गा, कोनोस्कोचे कोनोस्का. इथे ग सहाही रूपांत टिकतो. साल्गा, साल्गास, साल्गा, साल्गामोस, साल्गाइस, साल्गान. ‘बाहेर जाऊ नकोस’ म्हणायचे तर ‘नो साल्गास’. ‘सांगू नकोस’ म्हणायचे तर ‘नो दीगास’. म्हणजे साल्गो चुकले की पुढची सहा रूपे चुकतात.

ही किल्ली जिथे लागत नाही ती क्रियापदे थोडी आहेत आणि ती वेगळी पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही. सोय (मी आहे), एस्तोय (मी अमुक ठिकाणी किंवा अवस्थेत आहे), बोय (मी जातो) आणि दोय (मी देतो) ही ओयवाली चौकडी, आणि साबेर (माहीत असणे) याचे से. यांची सबजंक्टिव्ह रूपे ‘मी’च्या रूपावरून निघत नाहीत: सोयचे सेआ, बोयचे बाया, सेचे सेपा. स्पॅनिश घरांतली लहान मुलेही से ऐवजी नियमाने बनवलेले ‘साबो’ म्हणतात, आणि मोठी माणसे ते दुरुस्त करत राहतात.