मोफत वर्ग ते बॅच: ऑनलाइन योगवर्गांचा मागोवा

मार्च 2020 च्या अखेरीस टाळेबंदी लागली आणि हॉलमध्ये, सोसायटीच्या गच्चीवर भरणारे योगवर्ग काही आठवड्यांतच पडद्यावर आले. त्या वर्षीचा 21 जूनचा योग दिनही लोकांनी घरातच साजरा केला. बहुतेक शिक्षकांनी सुरुवात मोफत वर्गांनी केली आणि गर्दीही झाली. पण माणसं कामावर परतू लागली तशी ही गर्दी ओसरली, आणि फी भरून बॅचला येणारे थोडेच उरले. ‘लोकांना फुकटच हवं असतं’ असा निष्कर्ष तेव्हा सर्रास काढला गेला. मागे वळून पाहताना तो चुकीचा वाटतो. त्या मोफत वर्गांत फीच्या बॅचची चवच कुणाला मिळाली नव्हती, हे खरं कारण आहे. आसन कसं करायचं हे यूट्यूबवर केव्हाही पाहता येतं. बॅचमध्ये मिळते ती शिक्षकाची नजर, आणि मोफत वर्गात ती नजर बहुतेकांपर्यंत पोहोचलीच नाही.

याची कारणं साधी होती. मोबाइलवरून शिकवणाऱ्याला झूमच्या एका पानावर जेमतेम चार चौकटी दिसत. चांगल्या संगणकावर त्या 49 पर्यंत जात, पण तेव्हा प्रत्येक माणूस तिकिटाएवढा होई. त्यात शिक्षक पूर्ण वेळ स्वतः आसनं करून दाखवत असे, म्हणजे पडद्याकडे पाहायला सवड नाही. विनामूल्य खात्यावरची मीटिंग चाळीस मिनिटांनी बंद पडे, ती पुष्कळदा शवासनाच्या तोंडावर. ज्या शिक्षकांनी पुढे वर्गाची रचना बदलली, त्यांचा अनुभव वेगळा ठरतो. सहभागींनी कॅमेरा चटईच्या बाजूला, पूर्ण शरीर दिसेल असा ठेवायचा. शिक्षकाने आसन एकदा दाखवून मग नुसतं पाहायचं आणि नाव घेऊन सांगायचं. पश्चिमोत्तानासनात पाठीला कुबड येत असेल तर बैठकीखाली घडी घातलेली चादर घ्यायची आणि गुडघे थोडे वाकवायचे, एवढी एक सूचना त्या माणसाला व्हिडिओ आणि वर्ग यांतला फरक त्याच क्षणी दाखवते.

हे आकड्यांत कसं दिसतं, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शंभर जण आहेत, सकाळी सहाचा पाच दिवसांचा मोफत वर्ग आहे. पहिल्या दिवशी पन्नास आले, किमान चार दिवस वीस जण टिकले आणि महिना आठशे रुपये भरून दहा जण बॅचला आले. शंभरांत दहा म्हटलं की निराशा वाटते, पण टिकलेल्यांपैकी निम्म्यांनी फी भरली आहे. म्हणजे गळती फी सांगताना झालेली नाही. ती आधीच, वेळ न जुळल्याने किंवा पहिल्याच दिवशी वर्ग झेपेनासा झाल्याने झाली. याउलट चाळीस जण टिकले आणि दोघांनीच फी भरली, तर बॅचमध्ये वेगळं काय मिळणार हे त्यांना कळलेलं नाही, किंवा मोफत वर्ग पुढेही चालूच राहणार असं त्यांनी गृहीत धरलं आहे. म्हणून शेवटच्या दिवशी बॅचची वेळ, फी, जागा आणि सुरू होण्याची तारीख स्पष्ट सांगावी आणि मोफत वर्ग तिथे संपवावा. आणखी खरी कसोटी दुसऱ्या महिन्याची. फी पुन्हा भरली गेली नाही, तर बॅच फार मोठी आहे का आणि दोन दिवस न आलेल्याची कुणी चौकशी केली का, हे आधी तपासावं.

यावर एक रास्त आक्षेप असा, की हजार जणांना एकदम दाखवलं आणि शंभरात एकाने फी भरली तरी दहा मिळतातच. मिळतात, पण त्या दहांना शिक्षकाने कधी पाहिलेलं नसतं. दुसऱ्या महिन्यात थांबायला त्यांच्यापाशी कारण नसतं, आणि दर महिन्याला नवे हजार जमवायला जाहिरातीचा खर्च येतो. ज्यांच्याकडे मदतनीसांचा संच आहे त्यांना ते पेलेल, एकट्या शिक्षकाला नाही. दुसरा आक्षेप संकोचाचा: घरात कॅमेरा लावून आसनं करणं अनेक स्त्रियांना नको वाटतं. झूमच्या फोकस मोडमध्ये सहभागींना एकमेकांच्या चौकटी दिसत नाहीत, शिक्षकाला मात्र सगळे दिसतात. हे पहिल्याच दिवशी सांगितलं तर बंद कॅमेरे उघडायला मदत होते. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर: योग विकावा का? ज्ञान खुलं असावंच, आणि ध्वनिमुद्रित वर्ग मोफत ठेवण्याने काही बिघडत नाही. पण वीस जणांच्या गुडघ्या-मणक्यांवर तासभर लक्ष ठेवणं हे मर्यादित श्रम आहेत, आणि फी त्या श्रमांची आहे. ज्यांना ती परवडत नाही त्यांच्यासाठी बॅचमध्येच दोन जागा राखाव्यात, म्हणजे ती नजर त्यांनाही मिळेल.