जिराफ मान खाली घालतो तेव्हा त्याला भोवळ का येत नाही?

जिराफाचे चित्र दाखवून पाठ चालला असता वर्गातील एखादा चौकस मुलगा हमखास विचारतो, “गुरुजी, आपण पुष्कळ वेळ खाली बसून एकदम उठलो, तर डोळ्यांपुढे अंधारी येते. मग जिराफ पाणी पिऊन एवढी लांब मान झटकन वर करतो, त्याला भोवळ कशी येत नाही?” प्रश्न मोठा मार्मिक आहे. त्याचे जे उत्तर बहुधा दिले जाते ते असे की, जिराफाच्या मेंदूच्या तळाशी बारीक रक्तवाहिन्यांचे स्पंजासारखे जाळे असते व ते रक्ताचा लोंढा अडवून धरते. हे जाळे खरोखरच असते. परंतु ते गाय, शेळी, मेंढी अशा प्राण्यांनाही असते आणि त्यांच्या माना काही लांब नसतात. मेंदूकडे जाणारे रक्त थंड करण्याच्या कामी त्याचा उपयोग होतो, हे चांगले सिद्ध झाले आहे. एकट्या त्याच्यावर जिराफाचे रहस्य सोपविता येत नाही. खरे उत्तर मानेतील रोहिणीपेक्षा नीलेत अधिक आहे.

हे समजण्यासाठी प्रथम रक्तदाबाचा साधा हिशेब करावा. हृदयातून शुद्ध रक्त बाहेर नेणाऱ्या वाहिनीस रोहिणी व अशुद्ध रक्त हृदयाकडे परत आणणाऱ्या वाहिनीस नीला म्हणतात. रक्ताचा दाब पाऱ्याच्या स्तंभाच्या उंचीने मोजतात. रक्त पाऱ्याहून पुष्कळ हलके असल्यामुळे एक मीटर उंचीच्या रक्तस्तंभाचा भार पाऱ्याच्या सुमारे ७८ मिलिमीटरइतका भरतो. म्हणजे रक्त हृदयापासून एक मीटर वर चढवावयाचे झाले, तर त्या चढणीतच ७८ मिलिमीटर दाब खर्ची पडतो. माणसाचा मेंदू हृदयाच्या वर जेमतेम ३० सेंटिमीटर असतो. त्यामुळे हृदयापाशी सरासरी ९५ मिलिमीटर दाब असला, तरी मेंदूपर्यंत ७० च्या आसपास दाब उरतो व तो पुरतो. मोठ्या जिराफाचा मेंदू हृदयाच्या वर सुमारे दोन मीटर असतो. तेथे चढणीचाच खर्च सुमारे १५५ मिलिमीटर होतो; त्याखेरीज मेंदूतून रक्त खेळते राहण्यास लागणारा दाब निराळा. म्हणून जिराफाच्या हृदयापाशी माणसाच्या दुपटीहून अधिक दाब असावा लागतो, आणि मोजणी करता तो तसाच आढळतो. हे काम करण्यासाठी त्याच्या हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत फार जाड झालेली असते. शरीराच्या वजनाच्या मानाने पाहता मात्र त्याचे हृदय इतर सस्तन प्राण्यांच्या हृदयाहून मोठे नसते.

आता जिराफ पाणी पिण्यासाठी मान खाली घालतो असे समजावे. मघाशी जी चढण होती तीच आता उतरण झाली. हृदयापाशी दोनशेच्या जवळपास दाब आणि डोके त्याच्याखाली एक मीटर, असे धरले, तर मेंदूकडील रोहिणीत आणखी ७८ मिलिमीटरांची भर पडून दाब २७० च्या वर जाईल. म्हणजे मान खाली घालताना भोवळ येण्याची भीती नसून रक्तवाहिन्यांवर अतिरिक्त ताण पडण्याची भीती असते. भोवळ ही मेंदूला रक्त कमी पडल्याने येते आणि तिचा खरा धोका मान पुन्हा वर उचलताना असतो. शिक्षकांनी हे दोन धोके फळ्यावर निरनिराळे मांडावेत. पुष्कळसा गोंधळ ते एकत्र केल्यामुळेच होतो.

जिराफाच्या रक्तदाबाचा अभ्यास दक्षिण आफ्रिकेत रॉबर्ट गोएट्झ यांनी केला व त्यांचे सहकाऱ्यांसह केलेले काम १९६० साली प्रसिद्ध झाले. पुढे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने प्रस्तुत प्रश्नावर विशेष प्रकाश टाकला. त्यात पाच जिराफांना गुंगीचे औषध देऊन आधाराने सरळ उभ्या स्थितीत तोलून धरले होते, आणि त्यांची मान वर असताना व खाली आणल्यावर मानेतील रोहिणी व नीला यांतील दाब, प्रवाह व जाडी एकाच वेळी मोजली होती.

मान वर असताना हृदयापाशी सरासरी दाब १९३ मिलिमीटर भरला व डोक्यापाशी रोहिणीत ११८. फरक ७५ मिलिमीटरांचा, म्हणजे जवळजवळ एक मीटर चढणीचा. वर सांगितलेला हिशेब येथे प्रत्यक्ष मोजणीशी जुळतो. या वेळी मानेतील नीला अगदी चपटी झालेली होती. तिच्या छेदाचे क्षेत्र एक चौरस सेंटिमीटरच्या सातव्या हिश्श्याएवढेच होते. मान खाली आणताच ही नीला रक्ताने फुगली व तिचे छेदक्षेत्र ३.२ चौरस सेंटिमीटर, म्हणजे वीसपटीहून अधिक झाले. तिच्यातील प्रवाह थांबला आणि नीलांमध्ये सुमारे १.२ लिटर रक्त साठून राहिले.

हे साठलेले रक्तच सर्व गोष्टीची किल्ली होय. हृदयात जेवढे रक्त परत येते तेवढेच ते पुढे ढकलू शकते. सव्वा लिटरच्या आसपास रक्त मानेत अडकून पडल्यामुळे हृदयाकडे येणारा पुरवठा घटला, हृदयातून बाहेर पडणारे रक्त ३० टक्क्यांनी कमी झाले आणि हृदयापाशी असणारा दाब १९३ वरून १३१ मिलिमीटरांवर उतरला. डोके हृदयाच्या एक मीटर खाली आहे असे धरून मघाचा हिशेब आता पुन्हा करावा. १३१ मध्ये ७८ मिळविले की २०९ होतात. २७० चे संकट टळले. मेंदू या वेळी उंचावर नसल्यामुळे हृदयापाशी दाब उतरला तरी त्यास रक्त कमी पडत नाही. प्रयोगात मानेतील रोहिणीचा प्रवाह मान वर असताना मिनिटास सुमारे ०.७ लिटर होता व मान खाली आणल्यावरही त्यात बदल झाला नाही.

उरलेला ताण सुसह्य होण्यास आणखी दोन गोष्टींचे साहाय्य होते. मेंदू व पाठीचा कणा यांभोवती पाण्यासारखा एक द्रव असतो. डोके खाली गेले की या द्रवाचाही भार कवटीत वाढतो आणि तो रक्तवाहिन्यांना बाहेरून आधार देतो. आतील व बाहेरील दाब बरोबरीने वाढल्यामुळे वाहिनीच्या भिंतीवरील ताण बेताचा राहतो. दुसरी गोष्ट चित्रातही दिसते. पाणी पिताना जिराफ पुढचे पाय फाकवितो किंवा वाकवितो. असे केल्याने तोंड पाण्यापर्यंत पोहोचतेच. शिवाय छातीही खाली येते आणि हृदय व डोके यांच्या उंचीतील अंतर कमी होते.

आता मान वर उचलण्याच्या क्षणाकडे यावे. माणूस उठून उभा राहतो तेव्हा त्याचे बरेच रक्त पोट व पाय यांतील नीलांत उतरते. हे कोठार हृदयाच्या खाली असल्यामुळे तेथील रक्त सहजासहजी वर येत नाही; हृदयास पुरवठा क्षणभर कमी पडतो व डोळ्यांपुढे अंधारी येते. जिराफाचे कोठार मानेत आहे. मान वर होताच ते हृदयाच्या वर जाते, आणि नीलेत साठलेले रक्त आपल्याच भाराने हृदयात उतरते. नीला पुन्हा चपटी होते, हृदय भरते आणि ते पूर्वीच्या जोराने रक्त वर ढकलू लागते. मेंदूला अधिक दाबाची गरज ज्या क्षणी उत्पन्न होते, त्याच क्षणी तो दाब निर्माण करण्याची सामग्री हृदयाच्या दारी येऊन पोहोचते. पायांकडेही रक्त फार साठत नाही, कारण जिराफाच्या पायांची कातडी घट्ट मोज्यासारखी आवळलेली असते.

येथे कोणी अशी शंका काढील की, वर जाणारी रोहिणी व खाली येणारी नीला मिळून वक्रनळीसारखे कार्य होत असेल. खाली उतरणारे रक्तच वर चढणाऱ्या रक्तास ओढून घेत असेल, मग हृदयाला एवढा दाब कशाला? या शंकेचे उत्तर त्याच मोजणीत आहे. वक्रनळीच्या उतरत्या बाजूस द्रवाचा स्तंभ अखंड असावा लागतो. तसा तो असता तर डोक्यापाशी नीलेतील दाब वातावरणाच्या दाबाहून सुमारे ७० मिलिमीटर कमी भरला असता. प्रत्यक्षात तो केवळ ७ मिलिमीटर कमी होता. नीलेची भिंत मऊ असल्यामुळे ओढ लागताच ती मिटते. मऊ, पातळ प्लॅस्टिकची नळी पाण्यात बुडवून तोंडाने ओढू पाहिल्यास ती चपटी होते व पाणी वर येत नाही, हे मुलांना सहज दाखविता येईल.

या प्रयोगाची मर्यादाही ध्यानात ठेवावयास हवी. जिराफ गुंगीत होते, आणि गुंगीत मज्जासंस्थेच्या प्रतिक्रिया मंदावतात. जागा असलेला जिराफ रक्तवाहिन्या आवळून व हृदयाचे ठोके कमीअधिक करून आणखीही सावरून घेत असला पाहिजे. त्यामुळे वरील आकडे रानात पाणी पिणाऱ्या प्रत्येक जिराफास जसेच्या तसे लावू नयेत. केवळ रक्ताच्या भारामुळे काय काय घडते, ते मात्र त्यांवरून स्वच्छ दिसते.

वर्गात हाच पाठ स्वतःच्या हातावर शिकविता येतो. मुलांना उजवा हात एक मिनिट खाली लोंबता ठेवावयास सांगावे. हाताच्या पाठीवरील नीला फुगून वर येतात. मग तोच हात डोक्यावर सरळ उंच धरावयास सांगावा. थोड्याच वेळात त्या नीला चपट्या होऊन दिसेनाशा होतात. त्यांतील रक्त कोठे गेले, असा प्रश्न शिक्षकांनी विचारावा आणि उत्तरासाठी थांबावे. “खाली, हृदयाकडे,” असे उत्तर एखाद्या मुलाने दिले की फळ्यावर जिराफाची मान काढावी व तिच्यात ती नीला दाखवावी.